स्वस्त दराचं महाग कर्ज

गृहकर्जाच्या जाहिरातीत एकच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो म्हणजे व्याजाचा दर. घर घेणारी माणसंही एकमेकांना तेच विचारतात, "किती टक्क्यांनी मिळालं?" पण दरावरून फक्त एवढंच कळतं की खात्यावर चढलेल्या रकमेवर व्याज कसं आकारलं जाईल. खात्यावर किती रक्कम चढली आणि त्यातली किती खरोखर घराच्या कामी आली, हे दर सांगत नाही. या दोन रकमांमध्ये जेवढं अंतर, तेवढं कर्ज दराहून महाग. हे अंतर कशामुळे पडतं आणि ते मोजायचं कसं, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या एका जोडप्याला वीस वर्षांसाठी ५० लाख रुपये हवे आहेत. त्यांच्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. पहिल्याचा दर ८.५० टक्के. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, म्हणजे २५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २९,५००. दुसऱ्याचा दर ८.६५ टक्के, पण प्रोसेसिंग फी सरसकट १०,०००, म्हणजे जीएसटीसह ११,८००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मिळकतीचं व्हॅल्युएशन यांचे, बँकेच्या भाषेत 'लीगल-टेक्निकल'चे, दोन्हीकडे ८,००० रुपये धरू.

एवढ्यावर पाहिलं तर पहिला प्रस्ताव सरस ठरतो. त्याचा हप्ता ४३,३९१ रुपये आणि दुसऱ्याचा ४३,८६७. महिन्याला ४७६ रुपयांचा फरक आहे. फी जास्त असली तरी ती वर्षाभिरात... नव्हे, साडेतीन वर्षांच्या आत वसूल होते. फी जमेस धरूनही पहिल्या कर्जाची खरी किंमत वर्षाला साधारण ८.६ टक्के पडते आणि दुसऱ्याची ८.७. इथपर्यंत जाहिरातीतला दर खरं बोलतो.

चित्र पालटतं ते सँक्शन लेटर हाती येतं तेव्हा. पहिल्या प्रस्तावाच्या पत्रावर मंजूर रक्कम दिसते ५१,४०,००० रुपये. वरचे १ लाख ४० हजार कसले, असं विचारलं की उत्तर मिळतं, "सर, तो लोन प्रोटेक्शनचा प्रीमियम आहे. तुम्हाला खिशातून काही भरायचं नाही, कर्जातच धरलाय." खिशातून भरायचं नाही हे त्या दिवसापुरतं खरं आहे. पण हप्ता आता ४४,६०६ रुपये झाला. म्हणजे ज्याचा दर कमी होता त्याचा हप्ता जास्त दर असलेल्या कर्जापेक्षा ७३९ रुपयांनी वर गेला. घरासाठी मिळालेले पैसे मात्र दोन्हीकडे तेच आहेत, ५० लाख.

आता याची खरी किंमत काढू. रीत साधी आहे. कर्ज घेताना जे काही खर्च झाले ते ५० लाखांतून वजा करायचे. फीचे २९,५०० आणि लीगल-टेक्निकलचे ८,००० मिळून ३७,५०० होतात. विमा कर्जात धरलेला असल्याने तो आधीच हप्त्यात आलेला आहे. म्हणून हातात निव्वळ पडले ४९,६२,५००. या रकमेच्या बदल्यात आपण २४० महिने ४४,६०६ रुपये देणार आहोत. हा व्यवहार वर्षाला किती टक्क्यांनी झाला, हे कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटला विचारता येतं. एका चौकटीत हे लिहायचं:

```
=RATE(240,-44606,4962500)*12
```

उत्तर येतं ०.०८९९ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ९ टक्के. दुसऱ्या प्रस्तावात निव्वळ ४९,८०,२०० आणि हप्ता ४३,८६७ घातला तर उत्तर ८.७ टक्के. कागदावर पहिलं कर्ज ०.१५ टक्क्याने स्वस्त होतं. प्रत्यक्षात ते पाव टक्क्याहून जास्त महाग निघालं आणि हा सारा फरक एका विम्याने पाडला.

हेच उत्तर कर्जदाराला आयतं मिळावं अशी सोय आता झालेली आहे, पण तिच्याकडे लक्ष देणारे फार थोडे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी बँकेने किंवा वित्तसंस्थेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, दिलंच पाहिजे. तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. सगळे आकार धरून वर्षाला पडणारा दर तो हाच. प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, वकिलाची फी आणि बँकेमार्फत घेतलेला विमाही त्यात धरावा लागतो. सोबत हा आकडा कसा काढला त्याचा तक्ता आणि हप्त्यांचं वेळापत्रक जोडलेलं असतं. केएफएस दिल्यावर त्यातल्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस तशाच ठेवणं बँकेला बंधनकारक आहे, म्हणजे तेवढे दिवस आपण तो कागद घरी नेऊन दुसऱ्या प्रस्तावाशी ताडून पाहू शकतो. आणि जो आकार केएफएसमध्ये लिहिलेला नाही तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

त्या कागदात आकारांचा जो तक्ता असतो त्याच्या दोन बाजू असतात. एकीकडे बँकेला द्यायचे आकार, दुसरीकडे बँकेमार्फत तिसऱ्याला द्यायचे. विम्याची ओळ या दुसऱ्या बाजूला शोधावी. ती कोरी असेल आणि तरीही मंजूर रक्कम आपण मागितल्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर थांबून विचारायला हवं. काही वेळा विम्याच्या प्रीमियमसाठी वेगळं छोटं कर्जखातं उघडतात. मग मुख्य कर्जाचा एपीआर नीटनेटका दिसतो आणि प्रीमियमचा बोजा दुसऱ्याच कागदावर राहतो. अशा वेळी दोन्ही खात्यांचे हप्ते एकत्र करून वरचं गणित मांडायचं.

केएफएस अनेकदा सह्यांच्या गठ्ठ्यात मिळतं. समोर पन्नास-साठ पानं, बिल्डरची मुदत तोंडावर आलेली, आणि "इथे सही, इथे सही" असं सुरू असतं. त्या क्षणी एपीआर वाचून काही उपयोग नसतो. म्हणून माझा आग्रह असा की लॉगिन करण्याआधीच, म्हणजे अर्जासोबतची न परतणारी फी भरण्याआधीच, विम्यासह आणि विम्याशिवाय असे दोन्ही आकडे ईमेलवर लेखी मागवावेत. तोंडी सांगितलेल्या दराला पुढे कोणी वाली नसतो.

आता विम्याकडे जरा निगुतीने पाहायला हवं, कारण फीच्या घासाघिशीत दहा हजार वाचवणारी माणसं इथे लाखभर सोडून देतात. घरावर कर्ज असताना कमावतं माणूस गेलं तर कुटुंबावर छत्र हवंच, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कुठलं छत्र आणि कशा किमतीला. बँकेतून मिळणारा विमा बहुधा समूह विमा असतो. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावाची आणि आपल्या हाती फक्त प्रमाणपत्र. प्रीमियम एकरकमी घेतला जातो आणि संरक्षणाची रक्कम कर्जाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्षागणिक घटत जाते. याउलट स्वतः वेगळा घेतलेला टर्म विमा वर्षाला थोडा थोडा भरता येतो, त्याचं संरक्षण घटत नाही आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तो आपल्याबरोबर राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी उठला, समूह विम्यावरचा मात्र तसाच राहिला. त्यामुळे दोन्हींच्या किमतीतलं अंतर आणखी वाढलं.

आणि कर्जात धरलेल्या प्रीमियमवर वीस वर्षं व्याज चढतं. आपल्या उदाहरणातल्या १ लाख ४० हजारांचा हप्त्यातला वाटा आहे महिन्याला १,२१५ रुपये. वीस वर्षांत त्याचे २ लाख ९१ हजारांहून जास्त होतात. पाच वर्षं हप्ते भरले, म्हणजे जवळपास ७३ हजार रुपये दिले, तरी त्या प्रीमियमपोटी १ लाख २३ हजार अजून देणं असतंच. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त फिटतं आणि मुद्दल जेमतेम हलतं, त्याचा हा परिणाम.

"विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही," असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागावं. कर्ज घेताना आयुर्विमा घेणं, तोही बँक सांगेल त्याच कंपनीचा, हे कायद्याने बंधनकारक नाही. विमा विकणाऱ्या बँकेला त्यावर कमिशन मिळतं आणि शाखेला विक्रीची उद्दिष्टं असतात, म्हणून हा आग्रह होतो. मिळकतीचा आग-भूकंपापासूनचा विमा ही वेगळी गोष्ट आहे. तारण सुरक्षित राहावं म्हणून करारात त्याची अट सहसा असते आणि ती रास्तही आहे. पण त्याचा प्रीमियम आयुर्विम्याच्या मानाने किरकोळ असतो आणि तोही दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो. कधी कधी गाजर दाखवतात की आयुर्विमा घेतलात तर दरात ०.०५ टक्के सूट. तेही मोजून पाहावं. ५० लाखांवर त्या सवलतीने हप्ता साधारण १६० रुपयांनी उतरतो आणि विम्यामुळे १,२१५ रुपयांनी चढतो. सही होऊन गेली असेल तरी प्रमाणपत्र काढून वाचावं. बहुतेकांवर फ्री-लूकची, म्हणजे विमा परत करण्याची मुदत छापलेली असते, सहसा ३० दिवसांची. त्या मुदतीत लेखी अर्ज केला तर किरकोळ कपात होऊन प्रीमियम परत मिळतो आणि तो थेट मुद्दलात वळता करायला सांगता येतं.

एपीआरची एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. हा आकडा कर्ज पूर्ण वीस वर्षं चालेल असं धरून काढलेला असतो. पण आपल्याकडे बोनस आला, गावचं शेत विकलं, जुनी एफडी मोडली की माणसं आधी गृहकर्ज फेडायला धावतात. कर्ज लवकर फिटलं की सुरुवातीचे आकार थोड्याच वर्षांवर वाटले जातात आणि खरा दर वर सरकतो. पहिल्या प्रस्तावातलं विम्यासकटचं कर्ज पाच वर्षांनी पुरतं फेडलं असं धरू. त्या वेळी ४५,२९,७०० रुपये बाकी असतील. स्प्रेडशीटमध्ये तीही रक्कम घालायची:

```
=RATE(60,-44606,4962500,-4529700)*12
```

उत्तर येतं ९.४ टक्के. म्हणून कर्ज लवकर फेडायचा मनसुबा असेल त्याने दरापेक्षा सुरुवातीच्या आकारांवर जास्त घासाघीस करावी. वीस वर्षं हप्ते भरत राहणाऱ्याला दरातला दशांश टक्का जास्त मोलाचा. कर्ज आधी फेडण्याचा वेगळा दंड मात्र राहिलेला नाही. बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतपूर्व फेडीवर आकार लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

काही खर्च एपीआरच्या बाहेरही राहू शकतात, कारण ते बँकेमार्फत नव्हे तर परस्पर शासनाला भरले जातात. महाराष्ट्रात मिळकतीची मूळ कागदपत्रं बँकेकडे तारण ठेवताना मुद्रांक शुल्क लागतं. पाच लाखांवरच्या कर्जासाठी ते कर्जाच्या ०.३ टक्के आहे, म्हणजे ५० लाखांवर १५,००० रुपये. त्या तारणाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन' ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे दाखल करावी लागते, तिची फी वेगळी. पहिल्यांदा कर्ज घेताना हा खर्च कुठल्याही बँकेकडे तितकाच येतो, म्हणून तुलनेत तो वगळला तरी चालतं. पण घराच्या बजेटमध्ये तो धरलेला नसला तर ऐन वेळी तारांबळ उडते. कारण फ्लॅटच्या करारावरचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांनीच तोवर खिसा रिकामा केलेला असतो.

आणखी एक खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, तो म्हणजे तारखांच्या हेराफेरीचा. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोंदवलं की काही संस्था पैसे प्रत्यक्ष देण्याआधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावत होत्या. चेकवरच्या तारखेपासून व्याज सुरू आणि चेक मात्र कितीतरी दिवसांनी हातात, अशीही उदाहरणं सापडली. जादा घेतलेले पैसे परत करायला सांगण्यात आलं. ५० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज १,१६४ रुपये होतं. चेक बाराव्या दिवशी बिल्डरकडे पोहोचला तर १४ हजार रुपये कशाचेच गेले नाहीत असे गेले. पहिलं स्टेटमेंट आलं की त्यातली व्याज सुरू झाल्याची तारीख आणि बिल्डरच्या पावतीवरची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

दर हाही आजचाच असतो, हे विसरता कामा नये. बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, बांधलेली आहेत आणि दर तीन महिन्यांतून निदान एकदा नव्याने ठरतो. रेपोवर बँक जी भर घालते तिला स्प्रेड म्हणतात. हाऊसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्या आपल्या स्वतःच्या आधार दरावरून दर ठरवतात. त्यामुळे आज दोघांचा दर सारखा असला तरी रेपो उतरल्यावर दोघांचा हप्ता सारखाच उतरेल असं नाही. केएफएसमध्ये आधार दर कोणता आणि स्प्रेड किती, हे स्वतंत्र लिहिलेलं असतं. ती ओळ वाचावी.

पुढे कधीतरी दुसऱ्या बँकेचा फोन येतो, "आमच्याकडे ट्रान्सफर करा, पाव टक्का कमी." तेव्हाही हेच गणित उपयोगी पडतं. दुसऱ्या प्रस्तावातलं ८.६५ टक्क्यांचं कर्ज पाच वर्षांनी ४४ लाख १५ हजारांवर आलेलं असेल. ते ८.४० टक्क्यांवर नेलं तर उरलेल्या पंधरा वर्षांसाठी हप्ता सुमारे ६४७ रुपयांनी कमी होतो. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८००, लीगल-टेक्निकल पुन्हा ८,००० आणि तारणाचं मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं, ते १३,२०० च्या घरात. सगळे मिळून ३३ हजार होतात आणि ते भरून निघायला सव्वाचार वर्षं लागतात. त्याआधी घर विकायचं किंवा कर्ज फेडायचं असेल तर हलवण्यात तोटाच आहे. त्यापेक्षा आपल्याच बँकेला लेखी पत्र देऊन, नव्या ग्राहकांना देता तो दर आम्हालाही लावा, असं सांगावं. अनेक बँका काही हजारांची कन्व्हर्जन फी घेऊन ते करतात आणि त्यात मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागत नाही.

कर्ज हलवलं किंवा पूर्ण फेडलं, तर बँकेकडून घेतलेल्या एकरकमी विम्याचं उरलेल्या मुदतीचं मूल्य परत मागता येतं. बहुतेक पॉलिसींत तशी तरतूद असते, पण ते पैसे आपसूक खात्यात येतीलच असं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकून विमा कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. मूळ कागदपत्रं परत करणं आणि तारणाची नोंद उठवणं यासाठी मात्र बँकेला मुदत घालून दिलेली आहे. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवस. त्यात बँकेच्या बाजूने उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार बँकेने कर्जदाराला दर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे असतात.